नव्या पाइपलाइनच्या टेस्टिंगमध्ये काटा उतरतोय? चर उकरण्याआधी बादली मोजा

कोल्हापूरच्या आसपास नदीवरून शेतात पाणी नेणाऱ्या पीव्हीसी लाइनी टाकायचं काम मी करतो. भोगावती, तुळशी, पंचगंगा, कुठूनही पाणी उचला, लाइन टाकून झाली की टेस्टिंगच्या दिवशी फोन ठरलेला असतो: "दाब चढवला, अर्ध्या तासात गेजचा काटा खाली आला. पाइप खराब आहे का सांध्यांना सोल्युशन कमी पडलं?" आणि फोन येईपर्यंत बहुतेक वेळा जेसीबी बोलावून दोन-तीन ठिकाणी उकरलेलंही असतं. काटा उतरायची कारणं चार-पाच आहेत आणि त्यातल्या निम्म्या कारणांत लाइनला काहीही झालेलं नसतं. ती कशी ओळखायची, ते क्रमाने लिहितो. सगळ्यात स्वस्त तपासणी आधी, उकराउकर शेवटी.

हे सगळं नव्या, अजून पूर्ण न बुजवलेल्या पीव्हीसी लाइनबद्दल आहे.

काटा कसा उतरतो ते आधी बघा

टेस्टिंग पंप बंद केल्यापासून दर दहा मिनिटांनी काटा कुठे आहे ते वहीत लिहा. "तासाभरात एक किलो पडला" एवढ्यावरून मला काहीच सांगता येत नाही. उतरायची तऱ्हा महत्त्वाची.

पहिली तऱ्हा: सुरुवातीला भराभर उतरतो, मग सावकाश होतो, पुढे जवळजवळ थांबतो. हे बहुधा लाइनीत अडकलेली हवा, पाइपाचं ताणणं किंवा पाण्याचं तापमान. दुसरी: दर दहा मिनिटांनी सारखाच उतरत राहतो. ही गळती. तिसरी: उतरत उतरत एका ठरावीक आकड्यावर येतो आणि तिथेच बसतो. ही सगळ्यात बोलकी तऱ्हा, तिच्याकडे पुढे येतो. चौथी: काटा चढतच नाही, पंप मारून हात दुखतात. यात एक तर लाइनीत भरपूर हवा आहे किंवा कुठेतरी सरळ तोंड उघडं आहे.

आता ज्या कामाचे आकडे देणार आहे, ते सांगतो. करवीर तालुक्यातली लाइन, १६० मिमी पीव्हीसी, पाइपावर सहा केजीची, म्हणजे सहा किलो दाब सोसण्याची छाप, लांबी ९०० मीटर. मोटार दहा एचपीची, पाणी सेकंदाला साधारण १५ लिटर. नदीकाठच्या पंपापासून वरच्या हौदापर्यंत चढ २५ मीटर. लाइन सरळ चढत नाही. मध्ये एक उंचवटा आहे, त्यानंतर ती ओढ्यात उतरते आणि मग पुन्हा पाणंदीने वर जाते. हा उंचवटा आणि हा ओढा, दोघांनी मिळून आमचे दोन दिवस खाल्ले.

दाब किती द्यायचा

बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात, म्हणून हे आधी. "सहा केजीचा पाइप आहे, मग नऊ केजीला टेस्ट करा की" असं सांगणारे भेटतात. पाइपाच्या छापाला दीडने गुणायचं नसतं. लाइनीत रोज जो दाब येणार त्याला दीडने गुणायचं.

१० मीटर उंचीचं पाणी म्हणजे चौरस सेंटीमीटरला जवळपास १ किलो दाब. इथे चढ २५ मीटर, घर्षण आणि बेंडांचे मिळून ५ मीटर. म्हणजे मोटार चालू असताना पंपापाशी ३ किलो. त्याची दीडपट साडेचार.

पण मी साडेचारवर थांबलो नाही. शेतीची लाइट मध्येच जाते हे इथं कुणाला सांगायला नको. मोटार एकदम थांबली की वर चाललेलं पाणी मागे फिरतं आणि पंपापाशी पाणी मागे न जाऊ देणाऱ्या एनआरव्हीवर आदळतं. या जाडीच्या पीव्हीसीत पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर हा धक्का साधारण ३ किलोच्या वर भरतो. आमच्या लाइनीत वेग ०.८६ मीटर होता, म्हणजे धक्का पावणेतीनच्या आसपास. उभ्या पाण्याचा अडीच किलो आणि वर हा धक्का धरला तर सव्वापाच होतात. म्हणून टेस्ट साडेपाचला घेतली. साडेचारला पास झालेली लाइन पहिल्याच महिन्यात लाइट गेल्यावर सुटलेली मी पाहिली आहे.

सहाच्या वर गेलो नाही, कारण पाइपावरचा सहा हा आकडा २७ अंश तापमानासाठी असतो. एप्रिलच्या उन्हात उघडा पडलेला पाइप हाताला चटका देतो. अशा पाइपाची ताकद छापापेक्षा कमी झालेली असते. टेस्टिंग सकाळी करा आणि सांधे सोडून पाइपाचा मधला भाग मातीने झाकून घ्या. म्हणजे पाइप तापत नाही, उचलला जात नाही आणि सांधे मात्र डोळ्यांसमोर राहतात.

आणि हा साडेपाच कुठे मोजायचा? लाइनीच्या सगळ्यात खालच्या जागी. खाली साडेपाच असेल तेव्हा वरच्या टोकाला तीनच किलो असतो. हे उलटं केलं, म्हणजे वर हौदापाशी गेज लावून तिथे साडेपाच आणला, तर खाली नदीपाशी आठ किलो जातो आणि खालचे पाइप फुटतात. ही चूक मी दोन वेळा पाहिली आहे, दोन्ही वेळा दोष पाइपाच्या दुकानदारावर गेला.

तपासणी पहिली: गेज खरं बोलतंय का

खर्च शून्य. लाइन काठोकाठ भरा, वरचं टोक उघडं ठेवा आणि खाली गेज वाचा. चढ २५ मीटर आहे, तर काटा अडीचवर पाहिजे. दोनवर असेल तर गेज चुकीचं आहे, नाहीतर लाइन वरपर्यंत भरलेलीच नाही. तीन दाखवत असेल तर गेज चुकीचं किंवा चढाचं माप चुकलेलं. चढ नदीच्या पातळीपासून मोजला असेल, तर नदीची पातळी आणि गेजची पातळी यांतला फरक तेवढा वजा करायला विसरू नका.

गेज ० ते १० किलोचं घ्या. ० ते ४० चं गेज बऱ्याच जणांच्या पेटीत असतं. त्यावर अर्धा किलो म्हणजे केसभर हलतं, दहा मिनिटांची नोंद त्यावर होतच नाही.

दुसरी: पंप, होजपाइप आणि गेजचे आटे

टेस्टिंगच्या हातपंपाचा व्हॉल्व्ह स्वतःच पाणी मागे सोडतो, हे इतक्या वेळा निघालंय की मी आता आधी तेच बघतो. पंप आणि लाइन यांच्यामध्ये बॉल व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, आणि गेज लाइनीच्या बाजूला. दाब चढवला की बॉल व्हॉल्व्ह बंद करा. काटा उतरायचा थांबला तर गळती पंपात होती. गेजच्या आट्यांवर, निपलवर कोरडं बोट फिरवा, साबणाचं पाणी लावा. टेफलॉनचे चार वेढे कमी पडले म्हणून ९०० मीटर चर तपासायची वेळ येऊ नये.

तिसरी: बंद केलेला व्हॉल्व्ह खरंच बंद आहे का

वरच्या टोकाला व्हॉल्व्ह बंद करून टेस्टिंग करणारे पुष्कळ. नवा व्हॉल्व्हसुद्धा सीटमध्ये वाळूचा कण अडकला की पाणी सोडतो, आणि ते हौदात गेल्यामुळे दिसत नाही.

इथे ती तिसरी तऱ्हा उपयोगी पडते. वरच्या टोकाची गळती असेल, तर काटा उतरत उतरत उभ्या पाण्याच्या आकड्यावर, म्हणजे आमच्या लाइनीत अडीचवर, येऊन बसतो. कारण खाली अडीच राहिला की वरच्या टोकाला दाब शून्य होतो आणि पाणी बाहेर ढकलायला काही उरत नाही. तसंच खालच्या बाजूचं. खालचा एनआरव्ही गळत असेल तर काटा अडीचवर थांबत नाही. तो अडीचच्या खाली जातो आणि लाइन हळूहळू रिकामी होत राहते.

सगळ्यात चांगलं म्हणजे टेस्टिंगला व्हॉल्व्हवर भरवसा न ठेवता दोन्ही टोकांना एंड कॅप किंवा ब्लाइंड फ्लँज लावा. मात्र त्यांना मागून पक्का टेका द्या. १६० च्या कॅपवर ३ किलो दाबाला सहा क्विंटल जोर येतो, साडेपाचला अकरा. नुसत्या सोल्युशनवर हा जोर सोडू नका आणि कॅपच्या सरळ रेषेत कुणालाही उभं करू नका. पोरं बघायला जमतात, त्यांना आधी बाजूला घ्या.

चौथी: हवा

आता त्या कामाकडे. पहिल्या दिवशी लाइन भरली, वरून पाणी आलं, टोक बंद केलं आणि हातपंपाने दाब चढवायला लागलो. तासाभरात काटा साडेपाचवरून साडेचारवर आला, पहिल्या अर्ध्या तासात ०.६ आणि दुसऱ्यात ०.४. ज्यांचं शेत ते आबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "काटा पडला म्हंजे कुठंतरी गळतंयच की. उकरूया?"

मी म्हटलं, "आबा, आधी सांगा, बादल्या किती गेल्या?"

हा प्रश्न मी प्रत्येक टेस्टिंगला विचारतो. भरलेल्या लाइनीत दाब चढवताना थोडं पाणी आणखी आत जातं, कारण पीव्हीसी पाइप फुगतो आणि पाणीही किंचित दबतं. ते किती जायला हवं याचा हिशोब करता येतो. या पाइपाच्या आतला व्यास सुमारे १४९ मिमी, म्हणजे ९०० मीटरमध्ये साधारण १५,७०० लिटर पाणी. सहा केजीच्या पीव्हीसीत दर किलो दाबाला साधारण हजारात एक भाग पाणी जास्त मावतं. म्हणजे १ किलोला १६ लिटर. अडीचपासून साडेपाचपर्यंत तीन किलो चढवायचे, म्हणजे ४८ लिटर. वीस लिटरच्या अडीच बादल्या.

आबांच्या पोराने बादल्या मोजल्या होत्या. साडेपाच गेल्या होत्या. म्हणजे ६० लिटरच्या वर पाणी अशा जागी गेलं, जिथे ते मावायला नको होतं. ती जागा हवेने दिली. हवा दाबली की आकसते, पाणी तसं आकसत नाही. उंचवट्यावर शंभरएक लिटर हवा अडकली असणार, म्हणजे जवळजवळ सहा मीटर पाइप रिकामा. आम्ही वरून पाणी आल्याचं बघून लाइन भरली असं समजलो होतो, पण पाणी त्या उंचवट्यावर हवेच्या खालून सरकून पुढे गेलं होतं.

हवा दोन प्रकारे फसवते. दाबाखाली ती पाण्यात विरघळत जाते, त्यामुळे गळती नसतानाही काटा उतरतो. आणि गळती असेल तर ती झाकते, कारण हवा उशीसारखी पसरून दाब धरून ठेवते आणि काटा खऱ्यापेक्षा हळू उतरतो. म्हणून हवा काढल्याशिवाय घेतलेली टेस्ट पास झाली तरी मी ती पास धरत नाही. शिवाय दाबलेली हवा म्हणजे ताणलेली स्प्रिंग. पाण्याने भरलेला पाइप फुटला तर पाणी उडून दाब लगेच संपतो. हवा असलेला फुटला तर तुकडे लांब जातात. कंप्रेसर लावून पीव्हीसी टेस्ट करू नका, कितीही घाई असली तरी.

आम्ही उंचवट्यावर सॅडल बसवून एअर व्हॉल्व्ह लावला. खरं तर तो तिथे आधीपासून पाहिजे होता, चालू लाइनीलाही लागतोच. लाइन रिकामी करून पुन्हा भरली, यावेळी मोठ्या मोटारीने नाही तर लहान मोनोब्लॉकने, सेकंदाला पाचेक लिटर. भरायला तासभर लागला. एअर व्हॉल्व्ह बराच वेळ फुसफुसला, मग थुंकत थुंकत पाणी आलं, शेवटी सलग धार आली. ती आल्यावरही दहा मिनिटं भरणं चालू ठेवलं.

पुन्हा दाब चढवला. यावेळी अडीच बादल्या आणि वर थोडं एवढंच पाणी लागलं. हवा गेली.

पाचवी: थांबा आणि काटा पुन्हा साडेपाचला आणा

दाब चढवला की लगेच वेळ लावू नका. आधी अर्ध्या दाबाला पंधरा मिनिटं थांबून सगळी लाइन चालून बघा. कुठे बेंड सरकलाय का, कुठे सांधा ठिबकतोय का. मोठी चूक असेल तर ती इथेच कळते. मग पूर्ण दाब. नवा पीव्हीसी पहिल्या अर्ध्या तासात थोडा ताणतो, तेवढा काटा उतरतो. अर्ध्या तासाने परत साडेपाचला आणा आणि तिथून खरी वेळ धरा. शेतीच्या लाइनीला मी त्यापुढे दोन तास घेतो. करारात किंवा योजनेत वेळ लिहिलेली असेल तर तीच पाळायची.

टेस्टच्या वेळी ऊन असेल आणि पाइप उघडा असेल, तर ढग आले किंवा सांज झाली की पाणी थंड होऊन काटा उतरतो. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी पाइपाला हात लावून बघतो. दुपारी दोनला सुरू करून सहाला संपवलेल्या टेस्टवर मी निर्णय देत नाही.

एचडीपीई लाइनीला हा हिशोब लावू नका. तो पाइप तासन् तास ताणत राहतो, त्यात काटा उतरणं नेहमीचंच आहे. त्याची टेस्ट वेगळ्या पद्धतीने वाचावी लागते.

सहावी: काटा लिटरमध्ये बदला

आमच्या कामात हवा काढल्यावर, ताणायचा वेळ दिल्यावर, पहिल्या अर्ध्या तासात काटा ०.४ पडला आणि दुसऱ्या अर्ध्या तासात पुन्हा ०.४. अगदी सारखा. आता शंका उरली नाही. दाब किती पडला यावर भांडण्यात अर्थ नसतो, कारण त्याच गळतीने लहान लाइनीत काटा दोन किलो पडेल आणि लांब लाइनीत अर्धा. म्हणून लिटर मोजायचे. तासाने खुणा केलेल्या कॅनमधून पाणी घेऊन काटा परत साडेपाचला आणला. १३ लिटर लागले. हिशोबही तेच सांगतो, ०.८ गुणिले १६.

किती चालतं? पीव्हीसीला आमच्या कामात जो आकडा धरतात तो असा: ३० मीटर दाबाला, एक किलोमीटर लाइनीमागे, व्यासाच्या दर १० मिमीला, २४ तासांत दीड लिटर. १६० मिमी आणि ०.९ किलोमीटरला तो होतो साधारण २२ लिटर, तासाला एक लिटरही नाही. साडेपाच किलोचा जास्त दाब धरून थोडी सूट दिली तरी तासाला दीड लिटरच्या पुढे जात नाही. आमचे १३ होते. लाइन नापास.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. चालणारी गळती दोन तासांत काटा दीड-दोन दशांश किलोसुद्धा हलवत नाही. गेजवर ती जेमतेम दिसते. पास आणि नापास यांच्यातला फरक कॅनमध्ये दिसतो, म्हणून कॅन पाहिजेच.

सातवी: गळती शोधणं

१३ लिटर तासाला म्हणजे करंगळीपेक्षा बारीक धार. काळ्या रानात ती जमिनीवर यायला दिवस लागतो, त्यामुळे "कुठं ओल दिसत नाही" याला अर्थ नाही. सांधे झाकले नसतील तर काम सोपं. प्रत्येक कपलरच्या खालून हात फिरवायचा, वरून नाही. कोरड्या वर्तमानपत्राची पट्टी सांध्याखाली सरकवून ठेवली तर थेंबही दिसतो. आधी बेंड, टी आणि सॅडल, मग ओढा-रस्ता ओलांडणारे भाग, सरळ पाइपाचे सांधे सगळ्यात शेवटी. एवढी कामं केल्यावर माझा अनुभव असा की सरळ लाइनीतला सांधा क्वचित गळतो. पाणी दिशा बदलतं तिथे गळतो.

शोधण्याआधी मी आणखी एक गोष्ट करतो. काटा खाली कुठपर्यंत उतरतो ते बघतो. आमचा काटा साडेतीनपर्यंत एकसारखा उतरला, मग रेंगाळला आणि सव्वातीनच्या खाली जाईना. उभ्या पाण्याचा आकडा अडीच आहे, त्याच्या बराच वर तो थांबला. याचा अर्थ फट दाबाने उघडते आणि दाब कमी झाला की मिटते. फुटलेला पाइप असं करत नाही. हलणारा सांधा असं करतो.

म्हणून सरळ ओढ्यावर गेलो. तिथे ४५ अंशाचा बेंड होता. त्या जागेला दाब पावणेपाचच्या आसपास, आणि त्या दाबाला असल्या बेंडावर बाहेर ढकलणारा जोर सात क्विंटलच्या वर येतो. त्याच्या मागे काँक्रीटचा ठोकळा घातला होता, पण तो तिसऱ्याच दिवसाचा होता आणि त्याच्या मागची माती भुसभुशीत भरावाची. मी पाइपावर आणि ठोकळ्यापासून लांब ठोकलेल्या एका खुंटीवर पेन्सिलने खूण केली आणि पंपावरच्या पोराला फोनवर दाब वाढवायला सांगितलं. चारच्या वर गेल्यावर खूण सरकताना दिसली, सेंटीमीटरभर. बेंडाच्या खालच्या बाजूने, सोल्युशनच्या कडेने, पाण्याची केसासारखी रेघ आली. दाब उतरवला, रेघ बंद.

दाबाखाली असलेल्या सांध्याला हात घालायचा नाही, ठोकायचं नाही, कसायचंही नाही. आधी दाब शून्यावर, मग काम. आम्ही बेंडाच्या दोन्ही बाजूंनी पाइप कापला, नवा बेंड बसवला. सोल्युशनचा सांधा २४ तास न हलवता ठेवला. ठोकळा फोडून मागे घट्ट, न उकरलेल्या मातीपर्यंत नेऊन पुन्हा भरला आणि सात दिवस थांबलो. ऊस पाण्यावर आला होता, आबांना ते सात दिवस जड गेले. पण ओला ठोकळा ठेवून टेस्ट घेतली असती तर पुन्हा तेच झालं असतं.

कुठे थांबायचं

टेस्टिंग चालू असताना बेंड सरकताना दिसला, ठोकळ्याला तडा गेला, माती फुगली किंवा पाइपातून कट्कट् आवाज आला, तर त्याच क्षणी दाब सोडा. "पाचच मिनिटं राहिलीत" म्हणून ओढत नेऊ नका.

ओल कुठेही सापडत नाही, सांधे झाकून झालेत आणि लिटर मात्र मर्यादेच्या पाच-दहा पट जातायत, तर अंदाजाने उकरत बसू नका. लाइनीचे दोन भाग करून मध्ये कॅप लावून तपासणारा आणि जमिनीवरून आवाज ऐकणारं यंत्र असलेला माणूस बोलवा. चार ठिकाणी जेसीबी लावून पाइपाला दात लागण्यापेक्षा त्याचा खर्च कमी येतो.

चढ जास्त असेल आणि धक्का धरून दाब पाइपाच्या छापाच्या वर जात असेल, तर तो टेस्टिंगचा प्रश्न राहत नाही, डिझाइनचा होतो. जाड पाइप, सर्ज व्हॉल्व्ह किंवा एअर व्हेसल लागेल का, ते इंजिनीअरने हिशोब करून सांगायचं. टेस्ट पास होऊनही लाइट गेल्यावर लाइन वारंवार सुटते, तिथेही तेच. गावच्या नळपाणी योजनेची लाइन, मुख्य रस्त्याखालून जाणारी लाइन, लोखंडी किंवा डीआय लाइन, यांची टेस्ट हातपंप आणि माझ्यासारख्या फिटरच्या भरवशावर घेऊ नका.

आबांच्या लाइनीची शेवटची टेस्ट आठव्या दिवशी सकाळी सातला लावली. बादल्या अडीच. अर्ध्या दाबाला पंधरा मिनिटं, पूर्ण दाबाला अर्धा तास, परत साडेपाच, मग दोन तास. काटा हलल्यासारखा वाटला, नक्की सांगता येईना. कॅनमधून पाणी घालून परत साडेपाचला आणला तेव्हा सव्वा लिटर गेलं. दोन तासांना साधारण १.८ लिटर चालतात. ओढ्यावरची पेन्सिलीची खूण जागची हलली नव्हती. दाब सोडला, आकडे आबांच्या वहीत लिहून दिले, आणि दुपारी चर बुजवायला घेतली.